करून दाखवा पाहू

दम्याच्या मुलाला पंप लिहून दिला जातो, तेव्हा चिठ्ठीवर औषधाचं नाव असतं, ताकद असते, दिवसातून किती वेळा ते असतं. औषध छातीत कसं उतरवायचं, हे मात्र चिठ्ठीवर कुठेच नसतं. ते बहुधा औषधाच्या दुकानात, खोकं फोडता फोडता, एका वाक्यात उरकलं जातं: हे इथे लावा, तोंडाशी धरा आणि दाबा. गोळीच्या बाबतीत एवढं पुरलं असतं, कारण गोळी गिळण्याचे प्रकार दोन नाहीत. पंपाच्या बाबतीत मात्र वापरणाऱ्याचे हात आणि श्वास हेच निम्मं औषध आहे. दम्यावरच्या जागतिक मार्गदर्शक सूचना 'गिना' या नावाने ओळखल्या जातात आणि दरवर्षी सुधारून प्रसिद्ध होतात. त्यांच्या म्हणण्यानुसार इन्हेलर वापरणाऱ्यांपैकी ७० ते ८० टक्क्यांपर्यंत लोक तो बरोबर वापरत नाहीत, आणि बहुतेकांना आपलं काही चुकतंय याची कल्पनाही नसते. या प्रकरणात एकच मुद्दा मांडायचा आहे. पंप आणि स्पेसर शिकवून झाला, असं फक्त एकाच खुणेवरून म्हणता येतं. मुलाने आणि पालकाने तो शिकवणाऱ्यासमोर स्वतः करून दाखवलेला असला पाहिजे. त्याआधी 'समजलं ना?' असं विचारणं आणि 'हो' असं उत्तर मिळणं, याला फारसा अर्थ नाही. आणि हे पाहिल्याशिवाय औषधाचा डोस वाढवणं, हे तर अंधारात औषध वाढवणं आहे.

यात एवढं अवघड काय आहे, हे कळण्यासाठी पंपाच्या आत डोकवावं लागेल. दाबून उडवण्याचा हा पंप अमेरिकेत १९५६ साली बाजारात आला. धातूच्या छोट्या डबीत औषध आणि त्याला ढकलणारा वायू दाबाखाली भरलेले असतात. डबी खाली दाबली की आतली झडप मोजून एक पफ बाहेर सोडते. हा पफ प्रचंड वेगाने सुटतो आणि सुटताना त्यातले थेंब मोठे असतात. पंप थेट तोंडात धरला, तर या वेगामुळे आणि आकारामुळे बहुतेक औषध घशाच्या मागच्या भिंतीवर आदळून तिथेच चिकटतं. तंत्र चांगलं असलं तरी फुप्फुसात जाणारा भाग साधारण दहा ते वीस टक्क्यांचाच असतो, आणि तेवढाही मिळवायचा तर डबी दाबण्याचा क्षण आणि श्वास आत घेण्याचा क्षण अगदी जुळावे लागतात. मोठ्यांनाही हा मेळ नीट साधत नाही, मग चार वर्षांच्या पोराकडून त्याची अपेक्षा काय करायची! स्पेसर हा त्यावरचा तोडगा आहे. पंप आणि तोंड यांच्यामध्ये एक पोकळ नळकांडं येतं. त्यात औषधाचा वेग मरतो, ढकलणारा वायू उडून जातो, मोठे थेंब नळकांड्याच्या भिंतीला चिकटतात आणि बारीक कण काही क्षण हवेत तरंगत राहतात. तोंडाकडच्या बाजूला एकदिशा झडप असते. मूल श्वास घेतं तेव्हा ती उघडते आणि सोडतं तेव्हा मिटते, त्यामुळे बाहेर टाकलेली हवा नळकांड्यात शिरून औषध ढवळत नाही. मेळ साधण्याची अट सुटते, मात्र श्वासाची अट राहते, आणि शिकवायचं जे आहे ते इथूनच सुरू होतं.

स्पेसर शिकवताना विद्यार्थी दोन असतात आणि त्यांचे धडे वेगळे असतात, हे बरेचदा विसरलं जातं. मुलाला शिकायचं आहे ते एवढंच: तोंडावर काहीतरी धरलेलं असताना शांतपणे श्वास घेत राहणं. बाकी सगळं, म्हणजे पंप हलवणं, जोडणं, दाबणं, मोजणं, धुणं आणि कधी दवाखाना गाठायचा ते ठरवणं, पालकांचं काम. दोघांना एकाच वेळी एकाच दमात सगळं सांगितलं की मूल बावरतं, मग आई मुलाला आवरण्यात गुंतते आणि सांगितलेलं कानावरून जातं. म्हणून क्रम महत्त्वाचा. मुलाच्या हाती आधी नुसता स्पेसर द्यावा, पंप न लावता. त्याने तो उलटसुलट पाहावा, बाहुलीच्या नाहीतर बाबांच्या तोंडाला लावावा, आपल्या तोंडाला लावून झडप हलते का ते बघावं. झडपेची पापणी फडफडताना दिसली की खेळ आपोआप सुरू होतो: पाच वेळा हलवून दाखव. हा खेळ घरी दोन-तीन दिवस औषधाशिवाय चालला तरी बिघडत नाही, अर्थात मूल त्या वेळी बरं असेल तर. मुलाला धाप लागलेली असताना पहिल्यांदाच मास्क तोंडावर दाबला जातो, तेव्हा ते घाबरतं आणि पुढचे कित्येक दिवस स्पेसर दिसला तरी तोंड फिरवतं. शिकवायची वेळ म्हणून बऱ्या दिवसांतली निवडावी.

इथे एक समजूत मोडायला हवी, कारण ती घराघरांत आहे आणि काही दवाखान्यांतही आहे. मूल रडतं तेव्हा मोठा श्वास घेतं, त्यामुळे रडताना औषध अधिक आत जातं, असं मानलं जातं. प्रत्यक्षात घडतं उलटं. रडणं म्हणजे लांबलचक उच्छ्वास आणि मधूनच एक झटक्याचा, वेगवान श्वास. वेगवान श्वासाबरोबर आलेले कण वळण घेऊ शकत नाहीत, ते घशात आदळतात आणि गिळले जातात. औषध शरीरात किती शोषलं गेलं, हे मोजून पाहिलेल्या अभ्यासांत रडणाऱ्या तान्ह्या मुलांमध्ये हे प्रमाण शांत मुलांपेक्षा बरंच कमी आढळलं आहे. शिवाय रडणारं मूल मान फिरवतं, मास्क हलतो आणि फट पडते. मग झोपेत द्यावं का, असा प्रश्न येतोच. करून पाहायला हरकत नाही, पण मास्क टेकताच बरीच मुलं दचकून उठतात आणि रडू लागतात, म्हणून त्यावर भरवसा ठेवून रोजचा बेत आखू नये. मांडीवर पाठ टेकवून बसवणं, एक हात कपाळावर हलकेच ठेवणं, आणि बडबडगीताच्या ठेक्यावर श्वास मोजणं, हे अधिक खात्रीचं.

आता प्रत्यक्ष कृती. ही जरा सावकाश पाहू, कारण चुका मोठ्या गोष्टींत होत नाहीत, या बारीकसारीक गोष्टींत होतात. पंपाचं टोपण काढून पंपाच्या तोंडात काही अडकलेलं नाही ना, ते पाहावं. नवा पंप असेल किंवा बरेच दिवस वापरला नसेल, तर माहितीपत्रकात सांगितले असतील तेवढे पफ आधी हवेत सोडावेत, नाहीतर पहिल्या पफमध्ये औषध पुरेसं नसतं. मग पंप उभा धरून चार-पाच वेळा जोरात हलवावा. डबीत औषध आणि वायू वेगळे होऊन बसू शकतात, आणि न हलवलेल्या पंपातून पफ सुटतो पण त्यात औषध किती आहे ते सांगता येत नाही. पंप स्पेसरच्या मागच्या रबरी तोंडात घट्ट बसवावा, डबी वर आणि पंपाचं तोंड आडवं, अशा स्थितीत. मूल साधारण तीन वर्षांपर्यंतचं असेल तर मास्क लावायचा. तो नाक आणि तोंड दोन्ही झाकून सगळीकडून टेकला पाहिजे. सर्वांत जास्त फट पडते ती नाकाच्या उंचवट्याशी, तिथे बोट फिरवून पाहावं. मास्कची लहानशी फटसुद्धा औषधाचा मोठा भाग पळवते, कारण मुलाला श्वास घेताना झडप उघडण्याऐवजी फटीतून बाहेरची हवा ओढणं सोपं असतं. मास्क बसला की डबी एकदाच दाबायची, एकच पफ. मग मुलाला नेहमीसारखे पाच-सहा श्वास घेऊ द्यायचे, झडप तेवढ्या वेळा हलताना पाहायची आणि त्यानंतरच मास्क काढायचा. दुसरा पफ लिहिलेला असेल तर पुन्हा हलवून, पुन्हा पहिल्यापासून. दोन पफ एकदम मारले की ते नळकांड्यात एकमेकांवर आदळतात, कण जुळून मोठे होतात आणि भिंतीला चिकटतात. वेळ वाचतो आणि औषध जातं.

चार-पाच वर्षांच्या मुलाला मास्कऐवजी स्पेसरची नळी थेट तोंडात धरता येते का, ते जरूर पाहावं. मास्कमधून श्वास घेताना औषधाचा काही भाग नाकातच गाळला जातो, तो इथे वाचतो. पण नळी दातांमध्ये धरून ओठ मिटलेले असताना मूल श्वास नाकाने घेत असेल, तर बाहेरून सगळं अगदी बरोबर दिसतं आणि औषध नळकांड्यातच राहतं. यावर नजर ठेवायची ती झडपेवर. ओठ मिटलेत, छाती वरखाली होतेय आणि झडप मात्र स्तब्ध आहे, म्हणजे श्वास नाकातून चाललाय. काही स्पेसरमध्ये श्वास फार जोरात ओढला की शिट्टी वाजते. मुलांना ही शिट्टी बक्षीस वाटते आणि ती मुद्दाम वाजवू लागतात. ती चुकीची खूण आहे, शिट्टी न वाजवता श्वास घेतलास तर जिंकलास, असं पहिल्याच दिवशी सांगितलेलं बरं. सात-आठ वर्षांचं मूल हळूच एक खोल श्वास घेऊन तो मनात दहा मोजेपर्यंत रोखूही शकतं. ज्याला हे जमतं त्याने तसं करावं. लहानांना ते शिकवण्याच्या फंदात पडू नये, त्यांच्यासाठी साधे पाच-सहा श्वास पुरेसे आहेत.

समजा, चार वर्षांच्या एका मुलीला रोज घ्यायचा प्रतिबंधक पंप दिला आहे, ब्युडेसोनाइडचा, एका पफमध्ये १०० मायक्रोग्रॅम. सकाळी एक, संध्याकाळी एक, मास्क लावलेल्या स्पेसरने. महिन्यानंतर आईबाबा सांगतात की रात्रीचा खोकला तसाच आहे आणि धावल्यावर घरघर होते. या वेळी पेन उचलून १०० च्या जागी २०० लिहिणं सर्वांत सोपं असतं. त्याआधी फक्त एवढं म्हणायचं: घरी जसं देता तसं आत्ता इथे देऊन दाखवा, आणि पंपावरचा आकडा मला वाचू द्या. पंप २०० पफचा आहे. दिवसाला दोन याप्रमाणे ३० दिवसांत ६० पफ जायला हवे होते, म्हणजे आकडा १४० असायला हवा. तो १६८ आहे. म्हणजे ३२ पफ गेले, निम्म्याहून थोडे जास्त. विचारलं तर कळतं की सकाळचा पफ आई देते आणि संध्याकाळी आई कामावरून येईपर्यंत मुलगी आजीपाशी असते. आजीला पंप चालवता येत नाही आणि आवडतही नाही. आता करून दाखवणं. आई पंप न हलवताच लावते. मास्क हनुवटीपाशी टेकतो, पण नाकापाशी बोटभर फट आहे. पफ सुटतो, मुलगी एक श्वास घेते, आई 'झालं बाळा' म्हणत मास्क काढते. आणि स्पेसर पांढऱ्या फडक्यात गुंडाळलेला आहे, रोज धुऊन पुसलेला, चकचकीत. म्हणजे निम्मे पफ दिलेच गेले नाहीत, आणि दिलेल्यांतला मोठा भाग फट, एकच श्वास आणि पुसलेलं प्लास्टिक यांत गेला. डोस दुप्पट केला असता तर तोही त्याच वाटेने गेला असता. आईला कोणी रागावण्याचं काही कारण नाही, तिला जेवढं दाखवलं गेलं तेवढं ती नेमाने करत होती. या भेटीत डोस तोच ठेवायचा, चार गोष्टी दुरुस्त करायच्या आणि पुढच्या वेळी आजीलाही बोलवायचं. चार आठवड्यांनी आकडा १६८ वरून ५६ ने उतरून ११२ च्या आसपास आला आणि करून दाखवताना झडप पाच वेळा हलली, तरीही खोकला असेल, तर मात्र डोस वाढवण्याचा किंवा निदानाचाच फेरविचार करण्याचा प्रश्न खरा ठरतो. तोपर्यंत औषध लागू पडलं नाही, असं म्हणायला आधारच नाही. ते पोचलंच नव्हतं.

त्या चकचकीत स्पेसरबद्दल थोडं अधिक सांगायला हवं, कारण ही चूक स्वच्छतेच्या सवयीतून होते. प्लास्टिक कोरड्या फडक्याने घासलं की त्यावर स्थिर विद्युतभार साठतो, आणि औषधाचे बारीक कण, म्हणजे नेमके कामाचे कण, भिंतीला खेचले जातात. म्हणून स्पेसर रोज धुवायची गरज नाही, महिन्यातून एकदा पुरे. भांडी घासायच्या द्रव साबणाचे थेंब कोमट पाण्यात टाकून त्यात तो बुडवावा, आत ब्रश घालू नये, नळकांडं आतून खळखळून विसळू नये, आणि उभा ठेवून आपोआप वाळू द्यावा. साबणाचा पातळ थर आत राहिला तर तो विद्युतभार साठू देत नाही. फक्त तोंडाशी येणारी नळी आणि मास्क यांवरचा साबण पुसून घ्यावा. अगदी नवा स्पेसरही वापरण्याआधी असाच धुवावा. फडक्याला हात लावू नका, हे आजीला पटवणं हे या सगळ्या अभ्यासक्रमातलं सर्वांत कठीण काम असू शकतं!

आता आक्षेपांकडे. पहिला आणि सर्वांत व्यापक म्हणजे पंपाची सवय लागते. सवय लागणं म्हणजे औषधावाचून शरीराला राहवेनासं होणं, तसा गुण या औषधांत नाही. दमा बरेच दिवस राहणारा आहे, म्हणून पंपही बरेच दिवस लागतो. चष्मा लावल्याने डोळ्यांना चष्म्याची सवय लागते म्हणण्याइतकंच ते खरं आहे. यातली गंमत अशी की याच भीतीपोटी पाजलं जाणारं सिरप डोसाच्या बाबतीत कितीतरी भारी असतं. साल्ब्युटामॉलच्या सिरपच्या ५ मिलीलिटरमध्ये सहसा २ मिलिग्रॅम औषध असतं, पंपाच्या दोन पफमध्ये ०.२ मिलिग्रॅम, म्हणजे दशांश. तोंडावाटे घेतलेलं औषध पोटातून रक्तात, रक्तातून सगळ्या अंगात आणि मग थोडंसं श्वासनळ्यांत पोचतं. म्हणून सिरपने हात थरथरतात, छाती धडधडते आणि आराम उशिरा पडतो. गिनाच्या सूचनांत तोंडाने घ्यायच्या अशा औषधांची शिफारस नाही ती यामुळेच. सौम्य समजून दिलेलं औषध मुलाला दसपट पडतं, ही गोष्ट आकड्यांत मांडून दाखवली की बहुतेक पालकांना ती लगेच पटते.

दुसरा आक्षेप स्टेरॉइडचा आणि उंचीचा, आणि तो नुसता हसण्यावारी नेण्यासारखा नाही. रोजच्या प्रतिबंधक पंपात स्टेरॉइड असतं हे खरं. अमेरिकेतल्या 'कॅम्प' या मोठ्या अभ्यासात पाच ते तेरा वर्षांच्या मुलांना काही वर्षं रोज ४०० मायक्रोग्रॅम ब्युडेसोनाइड दिलं गेलं आणि पुढे त्यांची प्रौढपणीची उंची मोजली गेली. २०१२ साली जाहीर झालेल्या निष्कर्षानुसार औषध न घेतलेल्या गटापेक्षा ती सरासरी १.२ सेंटिमीटरने कमी भरली. फरक पडला तो सुरुवातीच्या दोन वर्षांत, आणि नंतर तो वाढत गेला नाही. पालकांना हा आकडा लपवून 'काही होत नाही हो' म्हणणं चूक आहे. नंतर कुठूनतरी कळलं की विश्वास जातो आणि पंप कपाटात. आकडा सांगावा आणि त्याच्या शेजारी दुसरी बाजू ठेवावी: वारंवार अटॅक येणाऱ्या मुलाला प्रत्येक वेळी तोंडाने स्टेरॉइडचा कोर्स द्यावा लागतो, आणि त्यातल्या काही दिवसांचं स्टेरॉइड पंपाच्या कित्येक महिन्यांच्या औषधाला भारी असतं. आणि याच आक्षेपाचं उत्तर आपल्या मूळ मुद्द्याशी येऊन मिळतं. तंत्र बरोबर असलं तर कमी डोस पुरतो. स्पेसरने घशात पडणारं औषध कमी होतं, पफनंतर चूळ भरून थुंकली आणि मास्क लावलेल्या मुलाचा चेहरा पुसला, की अंगात आणि त्वचेवर जाणारं स्टेरॉइड आणखी घटतं. स्टेरॉइडची भीती वाटणाऱ्या पालकांनी तर तंत्राचा आग्रह सर्वांत जास्त धरायला हवा.

तिसरा आक्षेप नेब्युलायझरच्या बाजूने येतो. मशीन घरघरतं, वाफ दिसते, दहा मिनिटं चालतं, म्हणून ते जोरकस वाटतं. मुलांवरच्या अनेक चाचण्या एकत्र करून पाहिल्या गेल्या, तेव्हा जीवघेण्या नसलेल्या अटॅकमध्ये स्पेसरने दिलेलं साल्ब्युटामॉल नेब्युलायझरइतकंच गुणकारी ठरलं. उलट स्पेसर वापरलेल्या मुलांची नाडी कमी वाढली आणि आपत्कालीन विभागातला त्यांचा मुक्काम आखूड झाला. शिवाय स्पेसरला वीज लागत नाही, आणि तो दप्तरात मावतो. नेब्युलायझरची जागा आहे, ऑक्सिजन लागण्याइतक्या गंभीर मुलासाठी रुग्णालयात ती नक्कीच आहे. घरी मशीन असल्याने होणारा तोटा मात्र वेगळाच असतो. आई मशीनवर मशीन लावत बसते आणि दवाखाना गाठायची वेळ टळते.

त्या वेळेचं गणित शिकवणं हा अभ्यासक्रमाचा दुसरा भाग, आणि तो कागदावर लिहून घराच्या भिंतीवर लावायचा असतो. आधी दोन पंप वेगळे ओळखता आले पाहिजेत: आराम देणारा, बहुधा निळा, लागेल तेव्हा, आणि प्रतिबंधक, दुसऱ्या रंगाचा, रोज, मूल ठणठणीत असतानासुद्धा. मोठ्या मुलांपैकी काहींना एकच पंप दोन्ही कामांसाठी दिला जातो, त्यांचा कागद वेगळा असतो आणि तो त्यांच्या डॉक्टरांनीच लिहावा. पाच वर्षांपर्यंतच्या मुलासाठी गिनाच्या सूचनांतली घरची पहिली पायरी अशी आहे: घरघर किंवा धाप सुरू झाली की साल्ब्युटामॉलचे दोन पफ, एका वेळी एक, स्पेसरने. वीस मिनिटांनी पाहायचं, गरज वाटली तर आणखी दोन, पुन्हा वीस मिनिटांनी आणखी दोन. दोन तासांत सहापेक्षा जास्त पफ लागत असतील, तर घरचे उपाय थांबवून निघायचं. आणि वाट न पाहता लगेच निघायचं ते या खुणांवर: बोलताना किंवा पिताना धाप लागून थांबावं लागणं, बरगड्यांमधली कातडी आत ओढली जाणं, ओठ निळसर पडणं, मूल मलूल किंवा झोपाळू होणं. यांपैकी काही दिसलं तर निघताना आणि वाटेतही पफ देत राहावं. हा कागदही करून दाखवायचाच आहे. 'समजा रात्रीचे दोन वाजलेत आणि ती उठून बसलीय, आता काय कराल?' असं विचारावं आणि बाबांनी पंप हातात घेऊन सुरुवात करावी.

यावर डॉक्टरांकडून येणारा आक्षेप रास्त आहे: बाहेर चाळीस पेशंट बसलेले असताना हे करायला वेळ कुणाला आहे? एकाच बैठकीत सगळं शिकवायचं ठरवलं तर खरंच नाही. पण करून दाखवायला सांगितलं की पाहायला लागतात दोन-तीन मिनिटं, आणि शिकवणारा डॉक्टरच असायला हवा असंही नाही. दवाखान्यातली सिस्टर, औषध देणारा फार्मासिस्ट, कुणीही, ज्याने स्वतः आधी करून दाखवलेलं आहे. हे शेवटचं वाक्य महत्त्वाचं, कारण शिकवणाऱ्यांचं तंत्रही वारंवार चुकीचं आढळतं. दुसरी गोष्ट म्हणजे शिकलेलं टिकत नाही. बरोबर शिकवल्यावरही साधारण चार ते सहा आठवड्यांत चुका परत येऊ लागतात. म्हणून पहिल्या दिवशी शिकवावं, आठवड्याने किंवा पुढच्या भेटीत पाहावं, चार ते सहा आठवड्यांनी पुन्हा पाहावं, आणि मग दर भेटीत, वजन करतात तसं. ज्या मुलाने मागच्या भेटीत उत्तम करून दाखवलं त्यालाही पुन्हा करायला लावावं. मुलं मोठी होतात तशी आळशी होतात, स्पेसर घरी राहतो, नुसता पंप खिशात जातो, आणि बारा वर्षांचा मुलगा तो तोंडात सरबत उडवावा तसा उडवतो.

पैशाचा प्रश्न उरतो. स्पेसर महाग वाटतो, म्हणून नुसता पंप घेऊन जाणारी कुटुंबं आहेत. त्यांच्यासाठी दक्षिण आफ्रिकेतल्या केपटाउनचं एक काम मोलाचं आहे. तिथे हेदर झार आणि सहकाऱ्यांनी अटॅक आलेल्या मुलांमध्ये विकतचा स्पेसर, ५०० मिलीलिटरची प्लास्टिकची बाटली आणि थर्मोकोलसारखा पेला यांची तुलना केली आणि ती १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये छापली. बाटलीच्या बुडाला पंपाच्या तोंडाच्या नेमक्या आकाराचं भोक पाडून पंप हवाबंद बसवला, तर ती विकतच्या स्पेसरइतकी चालली. पेला फारसा उपयोगी ठरला नाही, आणि बाटलीत पंप सैल राहिला तर परिणाम मधलाच आला. ही तुलना पाच वर्षांपुढच्या मुलांत, म्हणजे बाटलीचं तोंड ओठांत नीट धरू शकणाऱ्या मुलांत झाली होती. भोक तापवलेल्या तारेने पंपाच्या तोंडाच्या मापाचं पाडावं, कात्रीने अंदाजे कापू नये. बाटलीला झडप नसते, म्हणून दर पफला श्वास सुरू होताच दाबायचं आणि बाटलीतूनच श्वास चालू ठेवायचा. आणि घरी नेण्याआधी हेही एकदा शिकवणाऱ्यासमोर करून दाखवायचं, बाटली आणि पंप दोन्ही घेऊन.

पंप संपला कधी हे सांगणारा आकडा ज्यावर नाही, असे पंप अजून मिळतात. औषध संपल्यावरही ढकलणारा वायू उरतो आणि पफचा आवाज येतच राहतो, त्यामुळे आवाजावर जाऊ नये. डबी पाण्यात टाकून ती तरंगते का पाहण्याची जुनी युक्तीही भरवशाची नाही. २०० पफचा पंप, दिवसाला दोन पफ, म्हणजे शंभर दिवस. पंप सुरू केला त्या दिवशी कॅलेंडरवर शंभरावा दिवस शोधून त्यावर खूण करावी, आणि त्याच्या आठवडाभर आधी दुसरी, नवा पंप आणायची.